पोटावरचे वळ, वहिनीची ट्यूब आणि माझे नऊ महिने

माझी मुलगी आता सव्वा वर्षाची झाली, आणि शेवटी हे लिहायला बसले. प्रेग्नन्सीत स्ट्रेच मार्क्ससाठी काय लावायचं, काय नाही, यावर मी जेवढी डोकेफोड केली तेवढी नाव ठेवतानाही केली नाही. मधे एक चूकही केली. ती चूक आपल्याकडे खूप घरांमधे होत असणार असं मला आता वाटतं, म्हणून सगळं तारखांसकट लिहितेय.

मी अमळनेरला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. माहेर चोपडा. शेवटची पाळी 5 डिसेंबर 2023 ची, म्हणजे तारीख सप्टेंबर 2024 च्या दुसऱ्या आठवड्यातली. फेब्रुवारीत आशाताईंनी नोंदणी केली, माता-बाल कार्ड हातात दिलं, त्यावर आरसीएच नंबर घातला. रोजचं दाखवणं अमळनेरच्याच एका डॉक्टर मॅडमकडे, फी 300 रुपये. डिलिव्हरी मात्र माहेरी सरकारी दवाखान्यात करायची हे आधीच ठरलं होतं, म्हणून मॅडम सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या की कार्ड कुठेही जाताना पर्समधेच ठेवायचं आणि मी जे काही लावते, खाते, ते त्याच कार्डावर लिहून घ्यायचं. तेव्हा मला वाटलं लावायच्या गोष्टी कशाला लिहायच्या, गोळ्या लिहिल्या म्हणजे झालं ना.

मार्चमधे, म्हणजे चौथा महिना लागल्यावर, मी ऑनलाइन एक तेल मागवलं, 650 रुपयांचं. सगळ्या मैत्रिणींकडे तेच होतं. बाटली आली, सील तोडलं, वास छान, आणि मग सहज मागचं लेबल वाचलं तर त्यात रेटिनिल पाल्मिटेट लिहिलेलं. हे व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं आहे एवढं मला माहीत होतं. पुढच्या व्हिजिटला बाटलीच घेऊन गेले. मॅडमनी नीट समजावलं की पोटातून घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी बाळात व्यंग येतं हे पक्कं माहीत आहे, म्हणून त्या घराण्यातलं काहीच गरोदरपणात नको असा नियम ठेवतात. कातडीवर लावलेलं रक्तात फार कमी जातं आणि अशा तेलात प्रमाणही थोडं असतं, त्यामुळे लावलं असतं तरी घाबरायचं कारण नव्हतं, पण ज्याचा फायदाच सिद्ध झालेला नाही त्यासाठी एवढासा धोकाही कशाला घ्यायचा. मला हे पटलं. बाटली परत करायला गेले तर सील तुटलेलं म्हणून घेतली नाही, 650 रुपये गेले. म्हणून म्हणते, लेबलचा फोटो आधी मोठा करून वाचा, मग ऑर्डर करा.

"फायदा सिद्ध झालेला नाही" हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना. एवढी दुकानं भरलेली, आणि सिद्ध नाही? मग मी शोधून वाचायला लागले. कोक्रेन नावाची संस्था आहे, ती एखाद्या प्रश्नावरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र करून तपासते. त्यांनी 2012 मधे नेमका हाच प्रश्न घेतला होता, की गरोदरपणात लावायच्या क्रीम-तेलांनी स्ट्रेच मार्क्स टळतात का. 6 अभ्यास, 800 बायका. उत्तर असं की क्रीम लावणाऱ्या आणि साधं बिनऔषधी क्रीम लावणाऱ्या किंवा काहीच न लावणाऱ्या बायकांमधे म्हणावा असा फरक दिसला नाही. त्यात कोको बटर होतं, ऑलिव्ह ऑइल होतं. कोको बटरचा एक अभ्यास लेबनॉनचा, 175 बायकांचा, त्यात एका गटाला कोको बटरचं लोशन आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं बिनकामाचं लोशन दिलं होतं. दोन्हीकडे वळ जवळपास सारखेच आले.

बदाम तेलाचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त भरवसा आपल्याकडे त्याच्यावर आहे. तुर्कस्तानात 141 बायकांवर एक अभ्यास झाला. एका गटाने कडू बदामाचं तेल लावून रोज 15 मिनिटं मालिश केली, त्यांच्यात 100 पैकी 20 जणींना वळ आले. दुसऱ्या गटाने तेच तेल नुसतं लावलं, मालिश नाही, त्यांच्यात 100 मागे साधारण 39. आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्यात 41. म्हणजे नुसतं तेल आणि काहीच नाही यात फरक नाहीच म्हणा ना, जो काही फरक दिसला तो मालिशवाल्या गटात. पण त्यात एक गोम आहे, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. रोज 15 मिनिटं पोटाला देऊ शकणारी बाई इतर बाबतीतही वेगळी असू शकते, तिचं वजन, तिचं वय, तिची झोप. म्हणून मालिशने नक्की होतं असंही म्हणता येत नाही. मी हलक्या हाताने 5-7 मिनिटं करायचे, बरं वाटायचं म्हणून, बाकी अपेक्षा ठेवली नाही.

असं का होतं हे मॅडमनी ब्लाउजच्या अस्तरावरून सांगितलं होतं. वरचं कापड शाबूत असतं आणि आतल्या अस्तराची वीण उसवते, तसं कातडीच्या वरच्या थराला काही होत नाही, खालच्या थरातले ताण झेलणारे धागे तुटतात. त्यात गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे ते धागे आधीच सैल झालेले असतात. तेल वरच्या कापडाला मऊ करतं, अस्तरापर्यंत पोचत नाही. मग वळ कोणाला येणार? आईला आले असतील तर, वय कमी असेल तर, वजन भराभर वाढलं तर, बाळ मोठं असेल तर. यातलं बहुतेक काही आपल्या हातात नसतं. वजन बेताने वाढू देणं तेवढं थोडंफार असतं.

आता चुकीकडे येते.

10 मे ला अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आमच्याकडे अखाजीला लेकी माहेरी येणारच, मी पाचवा महिना संपत आलेला असतानाही एसटीने गेले. आमरस, सांजोऱ्या, अंगणातल्या निंबाला झोका, आणि सगळ्या बायांची नजर माझ्या पोटावर. मी पोट खाजवत होते, कातडी ताणून कोरडी पडली होती आणि ऊन 43 च्या वर. आमची जिजी, म्हणजे बाबांची आई, लगेच ओरडली, "पोटले खाजू नको व माय, वळ पडतीन!" मी म्हटलं खाजवल्याने पडत नाहीत जिजी. तर तिने लुगड्याची निरी जराशी सरकवून स्वतःचं पोट दाखवलं. पांढऱ्या चकचकीत रेघा, मुठीएवढ्या रुंद जागेत वीस-पंचवीस तरी. "मना पोटवर बी शेतस, तुनी मायना बी शेतस." तेव्हा सगळे हसले, पण त्या एका वाक्यात माझं उत्तर होतं. जिजीला आहेत, आईला आहेत, म्हणजे मला यायची शक्यता भरपूर.

त्याच संध्याकाळी मामेभावाची बायको मला आतल्या खोलीत घेऊन गेली. मनाने खूप चांगली आहे ती, माझ्यासाठी काहीही करेल. तिने पर्समधून एक छोटी ट्यूब काढली, अर्धी वापरलेली, आणि सोबत एक कोरी. "ताई, माझे वांग याच्यानेच गेले बघा, पोटाला लावा, डाग पडूच देणार नाही." ती ते चेहऱ्याला दोन वर्षं लावत होती. मेडिकलवर मागितलं की मिळतं, 100-सव्वाशे रुपये, कोणी चिठ्ठी विचारत नाही. मी कोरी ट्यूब घेतली. मार्चमधे लेबल वाचणारी मी, इथे वाचलं नाही. का, तर घरातल्या माणसाने प्रेमाने दिलं होतं, आणि ट्यूब इतकी छोटी होती की औषधासारखं वाटलंच नाही. 11 तारखेपासून रात्री झोपताना पोटाला लावलं. पाच रात्री.

15 च्या रात्री अमळनेरला परत आलेले होते, लाइट गेली, मोबाइलच्या टॉर्चमधे ट्यूब शोधून लावली आणि मग तिच्यावर उभी लाल रेघ दिसली. ती लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध. मग पाठीमागचं वाचलं. हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के, मोमेटासोन 0.1 टक्के. हात गार पडले माझे. मार्चमधे ज्या घराण्याच्या एका थेंबासाठी मी बाटली बाजूला ठेवली, त्याच घराण्यातलं थेट औषध मी पाच रात्री पोटाला चोळत होते. त्या रात्री झोप लागली नाही. नवऱ्याला उठवलं, तो बिचारा पोटाला कान लावून बसला, बाळाने लाथ मारली तेव्हा दोघं रडलो.

16 मे ला सकाळी 9 लाच दवाखान्यात. मॅडमनी आधी ट्यूब मागितली. म्हणून माझं पहिलं सांगणं, असं काही झालं तर नाव पाठ करून जाऊ नका, वस्तूच घेऊन जा. त्यांनी ट्यूब दाबून बघितली, 15 ग्रॅमची होती, साधारण तिसरा हिस्सा संपलेला, म्हणजे 5 ग्रॅम. मग त्यांनी एकेक घटक घेऊन सांगितलं आणि मी ते कार्डाच्या मागे लिहून घेतलं.

ट्रेटिनॉइन नको, पण बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत तयार होतात, मी सहाव्यात होते, आणि कातडीतून रक्तात जाणारं प्रमाण अगदी थोडं. त्यामुळे थांबवायचं, घाबरायचं नाही, जास्तीची सोनोग्राफी नको. हायड्रोक्विनोन, रंग उजळवणारं, ते मात्र कातडीतून बऱ्यापैकी शोषलं जातं, लावलेल्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त, म्हणून गरोदरपणात टाळतात. आणि तिसरं मोमेटासोन, ते स्टेरॉइड. मॅडम म्हणाल्या, सगळ्यात वाईट मला याचं वाटतं, कारण तू ज्यासाठी लावत होतीस तेच हे करतं. जोरदार स्टेरॉइड बरेच दिवस लावलं की कातडी पातळ होते आणि स्ट्रेच मार्क्स पडतात, गरोदर नसलेल्या पोरापोरींना सुद्धा, गजकर्णाला असली मिक्स क्रीमं लावून जांघेत, काखेत पडलेले वळ त्या रोज बघतात.

मग त्यांनी एक हिशोब करून दाखवला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची एक रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम. वहिनी चेहऱ्यावर डागापुरतं लावते, तिला एक ट्यूब कित्येक दिवस पुरते. पण सहाव्या-सातव्या महिन्याचं पोट आणि कमरेच्या बाजू नीट झाकायच्या तर अशा चार रेघा लागतात, म्हणजे रोज 2 ग्रॅम. मी काटकसरीने रोज 1 ग्रॅम लावत होते म्हणून 5 च संपले. पण डिलिव्हरीपर्यंत, म्हणजे 120 रात्री रोज 2 ग्रॅम लावलं असतं तर 240 ग्रॅम झालं असतं, आणि मांड्यांना पण लावलं असतं तर अजून जास्त. पूर्ण गरोदरपणात जोरदार स्टेरॉइड क्रीम 300 ग्रॅमच्या वर गेलं तर बाळाचं वजन कमी असण्याशी संबंध दिसलाय. तेव्हा 5 ग्रॅम काही नाही, पण छोटी ट्यूब म्हणून निर्धास्त राहायचं नाही, कारण पोट चेहऱ्याएवढं नसतं.

त्या दिवसापासून मी एक यादी मोबाइलमधे ठेवली. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ॲडापॅलीन, रेटिनिलने सुरू होणारं काहीही. हायड्रोक्विनोन. सॅलिसिलिक ॲसिड मोठ्या जागेवर किंवा जास्त टक्क्याचं. आणि स्टेरॉइड, ते ओळखायला क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, म्हणजे नावाच्या शेवटी "सोन" किंवा "सोल" दिसलं की थांबायचं आणि विचारायचं. हा नियम काही शंभर टक्के नाही, पण दुकानाच्या काउंटरवर उभं असताना तेवढा पुरतो. ही स्टेरॉइड क्रीमं 2018 पासून कायद्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मिळतात, त्यामुळे "मेडिकलमधून आणलंय" म्हणजे सुरक्षित असं धरू नका. आणि ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत, पार्लरमधली सुटी क्रीमं, ओळखीच्या कोणाची "आयुर्वेदिक" म्हणून बिनलेबलची डबी, ती तर सरळ नाहीच, कारण त्यात काय घातलंय ते कोणालाच सांगता येत नाही.

घरी पण एक गोष्ट थांबवावी लागली. सासूबाई खाज येते म्हणून खोबरेल तेलात कापूर घालून गरम करून द्यायच्या, थंड वाटायचं हो, खरंच वाटायचं. पण कापूर कातडीतून आत जातो आणि वारेतून बाळापर्यंत पोचतो, म्हणून मॅडमनी नको सांगितलं, तसंच कंबर दुखते म्हणून लावायचे वासाचे बाम पण पोटाला नको. सासूबाईंना कसं सांगायचं हा प्रश्न होता. मी त्यांनाच पुढच्या व्हिजिटला सोबत नेलं, मॅडमनी स्वतः सांगितलं, आणि येताना त्यांनीच तेलाच्या घाण्यावरून बिनवासाचं तिळाचं तेल घेतलं, पाव लिटर. कोणाचा मान दुखावला नाही. हे जमत असेल तर नक्की करा.

तिळाचं तेल मात्र मला मे महिन्यात झेपलं नाही. 44-45 तापमान, कूलर पण गरम हवा फेकतो, त्यात पोटाला तेल म्हणजे दोन दिवसांत बेंबीच्या खाली घामोळ्या. मग मॅडमनी सांगितलं तसं साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणलं, 400 मिलीची बाटली 380 रुपये, दोन महिने पुरली. अंघोळ कोमट पाण्याने, अंग पूर्ण कोरडं न करता टिपून, तीन-चार मिनिटांच्या आत लावायचं. खाज निम्म्यावर आली. वळ टळण्यासाठी नाही, कोरडेपणाची खाज कमी होण्यासाठी, हा फरक मनात पक्का ठेवला म्हणून नंतर निराशा झाली नाही.

कारण 12 जूनला, 27 व्या आठवड्यात, वळ आलेच. आरशात नाही दिसले, पोटाखालचं दिसतच नाही ना, नवऱ्याने सांगितलं. बेंबीच्या खाली दोन्ही बाजूंना जांभळट-लाल रेघा, जांभळाचं बोट लागल्यासारख्या. आठवड्याभरात मांड्यांवरही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एक दिवस बाथरूममधे बसून रडले. पण हेही खरं की "मी काहीतरी कमी लावलं" असं वाटलं नाही, आणि ते न वाटणं मला वाचल्यामुळे मिळालं होतं.

जुलैच्या शेवटी रजा टाकून चोपड्याला आले. आणि 29 जुलैपासून नवीनच सुरू झालं. त्या वळांच्या रेघांमधेच लाल पुटकुळ्या उठल्या, आधी चार-पाच, मग गांधीलमाशी चावल्यासारख्या गाठी एकमेकींत मिसळून चट्टे. खाज एवढी की रात्री तीनला उठून ओला पंचा पोटावर ठेवायचे. मला वाटलं मॉइश्चरायझरची ॲलर्जी, ते बंद केलं, तर खाज अजून वाढली. आई म्हणाली उष्णता झाली, सब्जा पी. जिजी म्हणाली दवाखाना दाखव. दहा दिवस मी अंगावर काढलं, ते काढायला नको होतं.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, केंद्राची योजना आहे ती. 9 ऑगस्टला नेमकी नागपंचमी होती, तरी रांग होती, केसपेपर सकाळी पावणेनऊला काढला आणि नंबर आला साडेबाराला. पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला सोबत न्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कार्ड पूर्ण वाचलं, मागे लिहिलेल्या त्या ट्यूबसकट. मग दोनच गोष्टी नीट बघितल्या. बेंबी. पुटकुळ्या बेंबीला सोडून सगळीकडे होत्या, बेंबीभोवती बोटभर जागा स्वच्छ. आणि मग माझे तळहात, तळपाय उलटे करून बघितले आणि विचारलं, इथे खाज येते का? रात्री वाढते का? लघवी गडद होते का?

त्यांनी सांगितलं त्याचा अर्थ असा. पहिलटकरणीला शेवटच्या तीन महिन्यांत, स्ट्रेच मार्क्समधूनच सुरू होणारा आणि बेंबी सोडणारा असा पुरळ येतो, त्रास फार देतो पण बाळाला काही करत नाही आणि डिलिव्हरीनंतर जातो. त्याचा क्रीमशी संबंध नव्हता. पण पुरळ नसताना तळहात-तळपायांना, खास करून रात्री, खाज येत असेल तर ते वेगळं, तेव्हा लिव्हरमधला पित्ताचा प्रवाह अडतो, पित्ताचे आम्ल रक्तात वाढतात आणि बाळाला धोका होऊ शकतो. तिथे तेल-क्रीम लावत बसण्यात जे दिवस जातात ते परवडत नाहीत. मला हे माहीतच नव्हतं. मी इतके महिने खाज म्हणजे कोरडी कातडी असंच धरून चालले होते. माझ्या तळपायांना थोडी खाज होती, म्हणून त्यांनी खात्रीसाठी लिव्हरची टेस्ट तिथेच फुकट केली आणि पित्त आम्लाची टेस्ट बाहेरून करायला लावली. बाहेरच्या लॅबने सँपल मुंबईला पाठवलं, 1,600 रुपये, रिपोर्ट तीन दिवसांनी. ते तीन दिवस मी बाळाच्या हालचाली वहीत मोजत काढले. 12 तारखेला दोन्ही नॉर्मल.

उपचारात त्यांनी ॲलर्जीची एक गोळी आणि एक ट्यूब लिहिली. ट्यूबवर हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का. शेवटी "सोन"! मी घ्यायलाच तयार नव्हते. पण त्या चिडल्या नाहीत. त्यांनी कार्डावर दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहून दाखवली, हे सौम्य, ते जोरदार, हे फक्त पुटकुळ्यांवर आणि पाच-सात दिवस, ते पूर्ण पोटावर महिनोन्‌महिने, आणि हे मी तपासून देतेय. म्हणाल्या, नाव बघून घाबरणं चांगलं, पण खरोखर गरज असताना न लावता रात्र-रात्र जागणं पण गरोदर बाईला चांगलं नाही. सहा दिवस लावलं, ट्यूब अर्धी पण संपली नाही, झोप लागायला लागली.

4 सप्टेंबरला, पोळा होऊन दोनच दिवसांनी, मुलगी झाली. 2 किलो 900. पुरळ दहा-बारा दिवसांत गेला. वळ राहिले. पहिले चार-पाच महिने जांभळे, मग गुलाबी, आणि आता पांढरट चंदेरी, जिजीसारखेच. बाळंतपणानंतर लाल असतानाच लेझर किंवा ट्रेटिनॉइन लावलं तर थोडे फिके होतात असं मॅडम म्हणाल्या, पण मी अंगावर पाजत होते म्हणून थांबायचं ठरवलं, आणि नंतर इच्छाच राहिली नाही.

वहिनीशी बोलायला मला खूप वेळ लागला, तिला वाईट वाटेल म्हणून. दिवाळीत बोलले. तिचा चेहरा उन्हात जळजळायचा, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या होत्या, आणि दोन दिवस क्रीम नाही लावलं की चेहरा लालबुंद व्हायचा, म्हणून ती परत लावायची. मी तिला अचानक बंद करू नको म्हटलं, कारण मॅडमनी तसं सांगितलं होतं, आधी कातडीच्या डॉक्टरला दाखवायचं. नोव्हेंबरात आम्ही दोघी जळगावला गेलो, ट्यूब बरोबर घेऊन. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करत दोन महिन्यांत बंद करवली. वांग परत आले आहेत तिचे. ती आता फक्त सनस्क्रीन लावते आणि शेतात जाताना स्कार्फ बांधते, आणि मेडिकलमधून काहीही घ्यायच्या आधी मला लेबलचा फोटो पाठवते, कालच एक आला होता.